मधली पाच वर्षं

माणसं निवडण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. बायोडाटा हातात आला, की आमची नजर आधी तारखांवर जाते.

मागे अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. बी.कॉम. २०१९ चा, अर्ज २०२४ मधला. मधल्या वर्षांबद्दल कागदावर अक्षर नाही. विचारलं, तर "सर, तयारी करत होतो," म्हणाला आणि गप्प बसला. खोदून विचारल्यावर कळलं, की राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तो दोनदा पास झालाय आणि मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकलाय. अहो, मग हे लिहायचं कुणी?

मी त्याला एकच ओळ लिहायला लावली : "जुलै २०१९ ते मे २०२४ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण, मुख्य परीक्षा दिली." बस. कोरोनाचंही एका वाक्यात सांगावं. एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली, हे खरंच आहे. पण आयोगाविषयीची तक्रार तिथे उगाळू नये. समोरचा माणूस कंटाळतो.

आमची खरी शंका वेगळीच असते. उद्या नवी जाहिरात निघाली, की हा राजीनामा टाकणार का? अजून एखादी परीक्षा द्यायची असेल तर तसं सांगा. "आता नाही," म्हणून तीन महिन्यांत पूर्वपरीक्षेची रजा मागणारे मी पाहिलेत. थांबला असाल, तर का थांबलात ते सांगा. वय, घरचा खर्च, काहीही असो, कारण खरं असलं की ऐकणाऱ्याला पटतं.

काही जण मित्राच्या फर्मचं अनुभवपत्र जोडतात. ते करू नका. कंपन्या पीएफच्या यूएएन खात्यातली नोंद मागतात. कोणत्या मालकाकडे कधीपासून कधीपर्यंत होतात, ते त्यात दिसतं. छोट्या फर्मला पीएफ लागू नव्हता म्हणाल, तर पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट मागतात. ते कुठून आणणार?

राहिला कामाचा प्रश्न. राज्यसेवेच्या अभ्यासात अर्थव्यवस्था पाठ होते, पण टॅलीत व्हाउचर टाकता येत नाही. त्या मुलाने एका सीएकडे तीन महिने बसून बिलं नोंदवली, जीएसटीचे रिटर्न भरायला शिकला. पुढच्या मुलाखतीत त्याच्याशी निम्मा वेळ जीएसटीवरच बोलणं झालं. पगार मात्र नवख्याचाच मिळाला. पाच वर्षांचा अनुभव म्हणून तो कुणी वाढवून देत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

आणि हॉल तिकिटं, गुणपत्रकं रद्दीत घालू नका. मुलाखतीला जाताना फाइलमध्ये असू द्या.