ओळंब्याची रेघ

उन्हाळी नांगरटीला ट्रॅक्टर आला की चालक पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठनं धरू?’ आणि बांध ज्या दिशेला असेल, त्या दिशेला आपण हात दाखवतो. माण तालुक्यासारख्या मुलखात हाच हात महागात पडतो. बांध वाटणीच्या हिशेबाने पडलेला असतो, पाणी उताराच्या हिशेबाने पळते. उताराला आडवी नांगरट करावी हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आडवी म्हणजे नेमकी कुठून कुठे, हे नुसत्या डोळ्याने कळत नाही. त्यासाठी ए-फ्रेम लागते.

सात फुटी दोन बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधायचे, खाली त्यांचे पाय बरोबर दोन मीटर फाकवायचे आणि कमरेच्या उंचीवर एक आडवी काठी बांधायची. शेंड्यावरून दोरीने दगड सोडायचा. आमचे एक चाचा गवंडीकाम करायचे. ते ही वस्तू पाहून म्हणाले होते, ‘अरे, हा तर आमचाच ओळंबा, फक्त पाय फुटलेला!’

आता त्याची खूण. दोन खुंट्या ठोकून त्यांवर पाय ठेवा, दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे पेन्सिलीने रेघ मारा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघांचा मध्य ही समपातळीची खूण. बांबू एखादा इंच लहान-मोठा असला तरी बिघडत नाही.

समजा, रान दोन एकरांचे आहे, ८० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब, लांबीच्या बाजूने तीन मीटर उतार. साधारण पंचवीस-पंचवीस मीटरवर अशा तीन रेषा आखल्या की पुरते. एका कडेला खुंटी ठोकून फ्रेमचा मागचा पाय तिच्यापाशी ठेवायचा. पुढचा पाय खाली-वर सरकवत दोरी खुणेवर आणायची आणि तिथे दुसरी खुंटी ठोकायची. एका रेषेला अशी चाळीस पावले पडतात.

या चाळीस पावलांतच सगळी गोम आहे. दोरी खुणेपासून ज्वारीच्या दाण्याएवढी सरकली, की पायाखाली जवळपास एक सेंटिमीटरचा फरक पडतो. तोच फरक चाळीस वेळा एकाच बाजूला पडला तर शेवटी चाळीस सेंटिमीटर होतात. तीन टक्के उतारावर याचा अर्थ असा, की रेषेचे शेवटचे टोक तेरा मीटर खाली किंवा वर गेलेले असते. म्हणून फ्रेम उचलून पुढे न्यायची नाही. पुढचा पाय जागेवरच ठेवून मागचा पाय फिरवून पुढे आणायचा. पाय आलटून-पालटून पुढे येतात, त्यामुळे खूण थोडी चुकली असली तरी एका पावलाची चूक पुढचे पाऊल फेडते. वृत्तात मात्रा मागेपुढे झाली तर कवीला अशी सवलत मिळत नाही!

वाऱ्याची चूक मात्र अशी फिटत नाही. म्हणून हे काम सकाळी, वारा सुटायच्या आत करावे आणि दगड जड घ्यावा. पाय ढेकळावर किंवा जुन्या काकरीत टेकवू नये.

खुंट्या लागल्या की रेषा वेडीवाकडी दिसते. किरकोळ वळणे थोडी सरळ करून घ्यावीत, नाहीतर ट्रॅक्टर वळणार नाही. मात्र जिथे घळ असते, तिथे रेषा चढाकडे आत वळते. ते वळण मोडून रेषा सरळ केली, तर काकरीतले पाणी दोन्ही बाजूंनी त्या खोलगट जागी जमते आणि पहिल्याच जोराच्या पावसात फोडून जाते. मला विचाराल तर घळीचा तो पट्टा नांगरूच नये, गवताला सोडावा.

मग फक्कीने रेषा उमटवून त्या रेषेपासूनच नांगर धरायचा आणि वर-खाली दोन्हीकडे अर्ध्या अंतरापर्यंत जायचे. उतार सगळीकडे सारखा नसल्याने दोन रेषांच्या मध्ये पाचरीसारखा तुकडा उरतो. तिथे आखूड तास घ्यावेत. तो तुकडा भरायला लांब तास तिरके ओढले, तर त्यांचेच पाट होतात.

काम साधले की नाही, हे पहिल्या पावसानंतर बांधावर उभे राहून कळते. काकरीत पाणी टोकापासून टोकापर्यंत सारखे उभे असेल तर रेषा बरोबर. एकाच टोकाला साचले असेल, तर खुंट्या तिकडे घसरल्या आहेत.

हे झाले मुरमाड रानाचे. उतार याहून बराच जास्त असेल, तर नुसत्या नांगरटीने भागत नाही, बांध घालावेच लागतात. आणि भारी काळ्या रानात पाणी असे उभे राहिले तर पीक पिवळे पडते. तिथे रेषेला थोडा ढाळ देतात. फ्रेमच्या एका पायाला खालून पाच मिलिमीटरची पट्टी ठोकली, की शंभर मीटरला पंचवीस सेंटिमीटर ढाळ मिळतो. मात्र तेव्हा फ्रेम फिरवायची नाही. ती उचलूनच न्यायची आणि पट्टीचा पाय कायम पुढे, जिकडे पाणी काढायचे त्या बाजूला ठेवायचा.