वाक्यात उपयोग करा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकानं आपापल्या कामाविषयी थोडं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं आहे. मी स्पॅनिश शिकवते, आणि स्पेनची माणसं इथल्या कारखान्यांत आली की दुभाषी म्हणून त्यांच्या शेजारी बसते. पण बोलायला सुरुवात आपल्या मराठीच्या पेपरापासूनच करावी लागेल. त्यात एक प्रश्न हमखास असायचा : ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ अर्थ सगळ्यांचे पाठ असत. घोडं अडायचं ते उपयोगापाशी. आपल्यातल्या एका हुशारानं लिहिलं होतं, ‘नाकी नऊ येणे म्हणजे काय ते मला आईने सांगितले.’ बाईंनी लाल शाईनं शेरा मारला, ‘हा उपयोग नव्हे, ही नुसती हजेरी.’ तो हुशार आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव सांगत नाही.

तेव्हा आपण हसलो. पण त्या शेऱ्याचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि कळण्याआधी माझ्यामुळे एका भल्या माणसाचा अपमान झाला. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

स्पॅनिश शिकायला लागल्यावर पहिल्यांदा वाटतं, अरे, ही तर आपलीच भाषा! चांगलंचुंगलं खायला समोर आलं की स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘से मे आथे ला बोका आग्वा’, म्हणजे माझ्या तोंडाचं पाणी होतंय. आपल्या तोंडाला पाणी सुटतं, त्याच्या तोंडाचंच पाणी होतं. मदत करायची तर तो ‘एक हात टाकतो’, आपण हातभार लावतो. असे चार-पाच जोड सापडले की विद्यार्थ्याला वाटायला लागतं, तिकडचा अवयव बघायचा आणि इकडचा तोच अवयव शोधायचा, झालं काम. मलाही तसंच वाटत होतं.

एका कारखान्यात स्पेनहून यंत्र आलं होतं आणि ते बसवायला तिथला एक इंजिनिअर आला होता. कारखान्यातले एक फोरमन होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. पण बैठकीत सगळ्यांदेखत त्यांनी स्पष्ट सांगितलं, की यंत्राचा पाया नीट समतल झालेला नाही, असंच चालवलं तर बेअरिंग टिकणार नाही. त्यांचे साहेब चपापले. स्पॅनिश इंजिनिअर मात्र खूश झाला. त्यांच्याकडे हात करून तो म्हणाला, ‘एस्ते ओम्ब्रे नो तिएने पेलोस एन ला लेंग्वा.’ शब्दशः अर्थ, या माणसाच्या जिभेवर केस नाहीत.

जीभ म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघून गेलं, “ते म्हणतात, यांच्या जिभेला हाड नाही.”

खोलीत एकदम शांतता पसरली. फोरमनसाहेबांनी समोरची वही मिटली. उरलेल्या बैठकीत ते एक अक्षर बोलले नाहीत. इंजिनिअर मला हळूच विचारतोय, ‘मी त्यांचं कौतुक केलं, त्यांना राग का आला?’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

स्पॅनिशमध्ये जिभेवर केस नाहीत म्हणजे बोलताना अडखळायला, कचरायला काही नाही. माणूस खरं ते तोंडावर सांगतो. बहुतेक वेळा ही स्तुतीच असते, निदान आदर तरी असतो. मराठीत जिभेला हाड नाही म्हणजे माणूस वाटेल ते बरळतो, लहानमोठं बघत नाही. जीभ दोन्हीकडे आहे, काहीतरी ‘नाही’ हेही दोन्हीकडे आहे, आणि अर्थ एकमेकांच्या उलट. मी म्हणायला हवं होतं, “साहेब म्हणतात, हे भीड न ठेवता बोलतात.” किंवा, “यांचं जे पोटात तेच ओठात.” इथे जिभेची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, “काका, चूक माझी आहे, त्यांची नाही.” काय झालं ते सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं, परक्या माणसानं चारचौघांत माझी लाज काढली. म्हटलं, आता यंत्राचं काही होवो, आपण बोलायचं नाही.” मित्रांनो, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ते बोलले नसते तर पाया तसाच राहिला असता. त्या दिवशी दुपारी पुन्हा बैठक झाली, ते बोलले, आणि पाया उकलून पुन्हा बसवला गेला.

तेव्हापासून मी वर्गात एक नियम पाळते. वाक्प्रचार नुसता दिला तर अर्थ सांगायचाच नाही. आधी विचारायचं, कोण बोलतंय, कोणाला, आणि कौतुकानं, चेष्टेनं की रागानं? म्हणजे बाईंचाच प्रश्न, फक्त क्रम उलटा. आधी वाक्यात उपयोग, मग अर्थ.

एक साधं उदाहरण घ्या. ‘तोमार एल पेलो’, शब्दशः केस घेणे. धाकटा भाऊ बहिणीला सांगतो, आज शाळेला सुट्टी आहे. ती म्हणते, ‘नो मे तोमेस एल पेलो.’ माझ्या एका विद्यार्थिनीनं केस बघितले आणि भाषांतर केलं, ‘माझा केसाने गळा कापू नकोस.’ बिचारा धाकटा भाऊ एका वाक्यात विश्वासघातकी झाला! खरं मराठी आहे, “चल, माझी फिरकी घेऊ नकोस.” पण आता हेच शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडी घाला. एका कागदासाठी कचेरीत चौथी खेप घालणारा माणूस खिडकीपलीकडच्याला हेच म्हणतो. तिथे फिरकी चालणार नाही. तिथे मराठी माणूस म्हणेल, “मला काय वेड्यात काढताय?” स्पॅनिश शब्द तेच, मराठी दोन, कारण माणसं दोन आणि सूर दोन.

आता थोडं खाण्याकडे वळू, कारण जेवणाची वेळ जवळ येतेय. स्पॅनिशमध्ये ‘दार कालाबाथास’ म्हणजे भोपळे देणे. एखाद्यानं प्रेमाची मागणी घातली आणि तिनं नकार दिला, तर तिनं त्याला भोपळे दिले. परीक्षेत नापास करण्यालाही हेच म्हणतात. हे ऐकल्यावर मराठी वर्ग एका सुरात ओरडतो, “बाई, आपल्याकडेही भोपळा मिळतो!” मिळतो खरा, पण आपला भोपळा म्हणजे शून्य. शंभरपैकी तीस मिळालेल्याला स्पॅनिश मास्तर भोपळे देऊ शकतो, आपल्याकडे त्याला भोपळा मिळाला असं म्हणता येत नाही. त्याची ‘दांडी उडाली’.

आणि प्रेमातला नकार? इथे मराठी अशी मदतीला येते की मी दरवर्षी खूश होते. आपण म्हणतो, तिनं त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. तिकडे भोपळा, इकडे वाटाणा, त्यात लग्नातल्या अक्षता, आणि सांगणाऱ्याच्या आवाजातली किंचित चेष्टा दोन्हीकडे सारखी. म्हणूनच जिथे चेष्टा नाही तिथे तो वापरायचा नाही. एखादी आई मुलाचं दुःख सांगत असेल, तर सरळ लिहायचं, “तिनं नाही म्हटलं.” आपल्याकडच्या अक्षता लग्नाखेरीज इतर मागण्यांनाही लागतात, उसने पैसे मागणाऱ्यालासुद्धा. स्पॅनिश भोपळे मुख्यतः प्रेमात आणि परीक्षेतच मिळतात. म्हणून उलट दिशेनं, मराठीतून स्पॅनिशमध्ये जाताना, हात आखडता घ्यावा लागतो.

तिसरं उदाहरण जिऱ्याचं. ‘मे इम्पोर्ता उन कोमिनो’, म्हणजे मला एका जिऱ्याएवढं महत्त्व वाटतं. अर्थ मात्र, मला काडीचीही पर्वा नाही. यात फसवणारी गोष्ट जिरं नाही, ‘नाही’ आहे. स्पॅनिश वाक्यात नकार कुठेच नाही, मराठीत तो घातल्याशिवाय अर्थ उभाच राहत नाही. विद्यार्थी जिरं जपतात आणि नकार विसरतात, मग वाचणाऱ्याला वाटतं, याला थोडी का होईना पर्वा आहे. जिऱ्याऐवजी तिकडे काकडी किंवा मुळाही चालतो. काकडी जिऱ्यापेक्षा कितीतरी मोठी, पण बेपर्वाई तेवढीच. मोठं झालेलं पोरगं आईला उलटून बोलतंय तर “मला काय त्याचं!” एवढंच पुरतं. दोन भावांचं कायमचं फाटलेलं असेल तर “मला त्याचं सोयरसुतक नाही.”

मग स्पॅनिशमधला तो भोपळा, ते जिरं, ते केस कायमचे टाकूनच द्यायचे का? नाही. बोलणारा स्वतः त्या चित्राशी खेळत असेल तर चित्र ठेवावंच लागतं. समजा कोणी म्हणालं, ‘तिनं मला इतके भोपळे दिले की घरात आता रोज भोपळ्याचीच भाजी’, तर तिथे वाटाण्याच्या अक्षता आणून भाजी शिजणार नाही. अशा वेळी मी आधी एक वाक्य जोडते, “आमच्याकडे नकार मिळाला की भोपळा मिळाला म्हणतात”, आणि मग विनोद सांगते. हसू अर्धा क्षण उशिरा येतं, पण येतं. कारखान्यातल्या बैठकीत तेवढाही वेळ नसतो. तिथे दोन्हीकडचे वाक्प्रचार बाजूला ठेवून साध्या मराठीत सांगते. चटकदार शब्दाच्या मोहात एकदा काय झालं ते तुम्हाला सांगितलंच.

ते फोरमनसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला निरोपसमारंभाला बोलावलं होतं. सगळ्यांसमोर हसत म्हणाले, “या ताईंनी मला एकदा बिनहाडाची जीभ दिली होती आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन परत नेली.”

बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. दहावीत तुमच्या प्रश्नाचे मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण त्यातला अर्धाच भाग मला तेव्हा आला होता. उरलेला आज सादर करते आहे. उशीर झाल्याबद्दल क्षमा करा आणि तपासून द्या.