तीन गुंठ्यांचे खाचर

डहाणू, तलासरीपासून जव्हार, मोखाड्यापर्यंतच्या शाळा-महाविद्यालयांतून आलेल्या माझ्या गणित शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

संमेलनाच्या अध्यक्षाने सर्व गणिताचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मोडण्याची परवानगी मी मागतो, कारण मला एकाच धड्याविषयी बोलायचे आहे. बारावीच्या दुसऱ्या भागात निश्चित संकलनाचे प्रकरण येते आणि त्याच्या अगदी आरंभी ‘बेरजेची सीमा’ म्हणून संकलनाची व्याख्या दिलेली असते. आपल्यापैकी पुष्कळजण तो भाग एका तासात उरकतात आणि प्रतिअवकलज काढून दोन टोकांच्या किमती वजा करण्याच्या सोप्या रीतीकडे वळतात. मीही अनेक वर्षे तसेच केले.

ते थांबले एका मुलीमुळे. तलासरीजवळच्या एका पाड्यावरून ती यायची. घरी वारली बोलायची, दहावीपर्यंत मराठीतून शिकली आणि अकरावीत अचानक इंग्रजीतले गणित तिच्यासमोर आले. मी फळ्यावर h शून्याकडे जातो, म्हणून h = 0 ठेवू, असे लिहिले, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, “सर, पट्टीची रुंदी शून्य झाली तर पट्टीचं क्षेत्रफळ शून्य. शून्यं कितीही मिळवली तरी शून्यच. मग उत्तर येतं कुठून?” मी तिला सूत्र पुन्हा वाचून दाखवले. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही.

आज, इतक्या वर्षांनी, मी तिला उत्तर देणार आहे. त्यासाठी आपल्या ओळखीचे एक भाताचे खाचर घेऊ.

जुन्या मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. गुंठा हा शब्द आपल्या तोंडी आहे, पण तो साखळीचा वर्ग आहे हे वर्गात कुणी सांगत नाही. मोजणीदार शेतात एक सरळ रेषा धरायचा, तिच्यावर जागोजागी बांधापर्यंत लंब काढायचा आणि ती मापे टिपणात उतरवायचा. लंबांमुळे शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडत. त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज केली की शेताचे क्षेत्र मिळे. आपल्या धड्याचा पहिला अर्धा भाग या टिपणात आहे. दुसरा अर्धा, म्हणजे सीमा, मोजणीदाराला कधी लागली नाही.

आपल्या खाचराचा एक बांध सरळ आहे, ९९ फुटांचा, म्हणजे तीन साखळ्यांचा. शेवटच्या टोकाला त्याला काटकोनात दुसरा सरळ बांध आहे. तिसरी बाजू ओहोळाने कापलेली, वाकडी. सरळ बांधाच्या पहिल्या टोकाला रुंदी शून्य. ३३ फुटांवर ११ फूट, ६६ फुटांवर ४४ फूट आणि ९९ फुटांवर ९९ फूट. साखळ्यांत बोलायचे तर x साखळ्यांवर रुंदी

f(x) = x²/3

कोणताही ओहोळ इतका शिस्तीत वाहत नाही. पण उत्तर शेवटपर्यंत तपासता येईल असे शेत आपल्याला हवे, म्हणून मी ते असे आखले.

आता या खाचराच्या प्रत्येकी एक साखळी रुंदीच्या तीन पट्ट्या पाडा. प्रत्येक पट्टीत आतल्या बाजूने सर्वांत मोठा आयत बसवला तर क्षेत्र 0 + 1/3 + 4/3, म्हणजे १.६७ गुंठे. प्रत्येक पट्टी पूर्ण झाकणारा आयत घेतला तर 1/3 + 4/3 + 3, म्हणजे ४.६७ गुंठे. खाचराचे खरे क्षेत्र या दोन कुंपणांच्या मध्ये कुठेतरी आहे. यात अंदाज काहीच नाही, आणि विद्यार्थ्याच्या मनात हे पक्के बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली बेरीज खऱ्या क्षेत्राहून कमी आहे आणि दुसरी जास्त आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसते.

पट्ट्या n केल्या तर प्रत्येकीची रुंदी h = 3/n. r क्रमांकाच्या पट्टीची उजवी कड 3r/n वर येते. म्हणून बाहेरच्या आयतांची बेरीज

Sₙ = Σ (3/n) · (1/3) · (3r/n)² = (9/n³) · (1² + 2² + … + n²)

इथे सगळे अडते. कंसातली बेरीज n च्या रूपात बंद करता आली नाही तर सीमा कशाची घ्यायची? पाठ्यपुस्तक सूत्र देते आणि मुले ते पाठ करतात. हे सूत्र आर्यभटाकडे इ.स. ४९९ मध्ये आहे आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ११५० मध्ये आहे. एकपासून n पर्यंतच्या बेरजेला भास्कराचार्य ‘संकलित’ म्हणतात आणि वर्गांच्या बेरजेला कृतियोग. दुप्पट पदात एक मिळवा, तीनने भागा, संकलिताने गुणा: कृतियोग मिळतो. आपण आज ज्याला संकलन म्हणतो, त्या शब्दाचे मूळ या मिळवणीत आहे. मला ‘समाकलन’पेक्षा ‘संकलन’ जवळचा वाटतो तो त्यामुळेच.

पण सूत्र सांगण्याआधी ते हातात द्यावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बियांनी, शिंपल्यांनी, खड्यांनी मुलांना मोजायला शिकवले. बारावीच्या मुलांना आपण तेवढेही देत नाही. लाकडाचे सारखे घनाकृती ठोकळे घ्या. तळाला नऊ, त्यावर चार, त्यावर एक, असा एका कोपऱ्याला चिकटवलेला पायऱ्यांचा ढीग करा. त्यात १४ ठोकळे बसतात. असे सहा ढीग करा आणि उलटसुलट फिरवून एकमेकांत बसवा: ३, ४ आणि ७ अशा मापांचा भरीव ठोकळा तयार होतो, ८४ ठोकळ्यांचा. कुठल्याही n साठी तो n, n+1 आणि 2n+1 मापांचा होतो. ढीग एकमेकांत बसवायला मुलांना अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यावा.

त्याचा सहावा भाग म्हणजे एक ढीग, म्हणजेच कंसातली बेरीज. ती भरली की

Sₙ = (9/n³) · n(n+1)(2n+1)/6 = (3/2)(1 + 1/n)(2 + 1/n)

आतल्या आयतांसाठी याच बेरजेत अधिकच्या जागी वजा येतो: (3/2)(1 − 1/n)(2 − 1/n). तीस पट्ट्यांना ही दोन कुंपणे २.८५ आणि ३.१५ वर येतात. तीनशे पट्ट्यांना २.९८५ आणि ३.०१५ वर. दोहोंतले अंतर नेमके 9/n आहे. तुम्ही कितीही बारीक अंतर मागा, n तेवढा मोठा घेऊन मी ते देऊ शकतो. दोन्ही कुंपणांच्या मध्ये कायम राहणारी संख्या एकच आहे: ३. खाचर तीन गुंठ्यांचे आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. तिचे पहिले वाक्य बरोबर होते. n वाढला की प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ शून्याकडे जाते. चूक होती ती क्रमात. आधी प्रत्येक पट्टी शून्य करून नंतर शून्ये मिळवली तर शून्यच येणार. आपण मात्र n ठरावीक ठेवून आधी पूर्ण बेरीज करतो, त्या बेरजेचे n मधले एक सूत्र मिळवतो आणि मगच n वाढवतो. सूत्रात खाली n³ आहे तो पट्ट्यांच्या बारीकपणामुळे. वरची वर्गांची बेरीजही साधारण n³/3 इतकी वाढते. बारीकपणाने जे घटते ते संख्येने भरून निघते, आणि गुणोत्तर टिकून राहते. h कधीच शून्य होत नाही. फळ्यावर “h = 0 ठेवू” असे जो शिक्षक लिहितो, तोच हा गोंधळ पेरतो. मी तो पेरला होता.

दुसरी चूक उत्तरपत्रिकांत दरवर्षी दिसते. त्याच खाचराचा एक साखळीपासून तीन साखळ्यांपर्यंतचा तुकडा विचारला की मुले h = 2/n बरोबर काढतात, पण किंमत f(1 + rh) ऐवजी f(rh) घेतात. उत्तर 8/9 गुंठा येते. ते चुकले आहे हे ओळखायला पुन्हा गणित करावे लागत नाही. आपण कापून टाकलेले टोक एक साखळी लांब आणि कुठेही ११ फुटांपेक्षा रुंद नाही, म्हणजे जास्तीत जास्त एक तृतीयांश गुंठा. तीन गुंठ्यांतून ते गेले तर उरलेले २.६७ गुंठ्यांच्या खाली जाऊच शकत नाही. बरोबर उत्तर 26/9, सुमारे २.८९. अशी पडताळणी करायला शिकलेले मूल सूत्र विसरले तरी अडत नाही.

मोजणीदाराच्या टिपणाकडे पुन्हा येऊ. तीन पट्ट्यांचा एक त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन घेतले तर क्षेत्र ३.१७ गुंठे येते, सुमारे १८१ चौरस फूट जास्त. जास्तच का? ओहोळ खाचराच्या आत झुकला आहे, म्हणून दोन लंबांची टोके जोडणारी सरळ रेषा ओहोळाच्या पलीकडची जमीनही धरते. पट्ट्या दुप्पट, म्हणजे सहा केल्या तर ही चूक चौपटीने घटून ४५ चौरस फुटांवर येते. वाकडी बाजू बाहेर फुगलेली असती तर क्षेत्र तितकेच कमी पडले असते.

आपल्या भागात हे फार जवळचे आहे. वनहक्क कायद्याखालचे वनपट्टे जीपीएसने मोजताना कडेने चालत बिंदू घेतात आणि ते सरळ रेषांनी जोडतात. बाहेर फुगलेल्या बांधावर बिंदू विरळ घेतले तर कसणाऱ्याची जमीन कागदावर घटते, आणि ही घट बिंदू वाढवून कमी करता येते. पण हातातल्या यंत्राच्या प्रत्येक बिंदूत काही मीटरांची चूक असते. ती n वाढवून शून्याकडे जात नाही. व्याख्येतली सीमा रुंदी अचूक माहीत आहे असे धरते. शेतात ती तशी कधीच माहीत नसते. या दोन चुका वेगळ्या आहेत हे बारावीच्या मुलाला सांगता येते, आणि ज्याच्या घरी सातबारा किंवा वनपट्ट्याचा कागद आहे त्याला ते लगेच समजते.

उद्या सकाळच्या सत्रात व्याख्यान ठेवलेले नाही. संमेलनस्थळाच्या मागे एक कापणी झालेले खाचर आहे आणि त्याची एक बाजू ओहोळाला लागून आहे. मालकांनी आत जायला परवानगी दिली आहे. ३३ फुटांच्या सहा दोऱ्या मी आणल्या आहेत. निम्म्या गटांनी तीन लंब घ्यावेत, निम्म्यांनी बारा, आणि आपापले गुंठे दुपारच्या जेवणाआधी फळ्यावर लिहावेत.