डॉमिनोसा : अंदाज नको, यादी ठेवा

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "रेंज गेली की फोनवर काय खेळायचं? पण डोकं चालेल असं सांगा." मणिबेली म्हणजे नर्मदेच्या काठावरचं, सातपुड्याच्या डोंगरातलं, आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाचं गाव. तिथे काय किंवा घाटातल्या एसटीत काय, हा प्रश्न सारखाच. माझं उत्तर आहे डॉमिनोसा.

हे कोडं ओ. एस. अ‍ॅडलर यांच्या नावावर सांगितलं जातं. नावातली काही अक्षरंही त्यांचीच आहेत. सायमन टॅटम यांच्या फुकट मिळणाऱ्या कोड्यांच्या संग्रहात ते Dominosa नावाने आहे. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही.

खेळ असा. डॉमिनोच्या प्रत्येक पट्टीवर दोन आकडे असतात. पूर्ण संचात प्रत्येक जोडी एकदाच येते, आणि १-२ व २-१ ही एकच जोडी. सगळ्या पट्ट्या चौकोनात मांडल्या, आकडे उतरवून घेतले आणि पट्ट्या उचलल्या. आता फक्त आकडे उरले. कुठली पट्टी कुठे होती, ते आपण शोधायचं.

छोटं उदाहरण घेऊ. आकडे फक्त ०, १ आणि २. म्हणजे जोड्या सहा: ०-०, ०-१, ०-२, १-१, १-२, २-२. घरं बारा. वहीत उतरवून घ्या:

```
० ० १ २
१ २ २ ०
१ १ २ ०
```

वर डावीकडे दोन शून्यं शेजारी दिसतात. हात लगेच तिकडे जातो, की ही ०-० ची पट्टी. लावून बघा. आता यादीतली ०-१ शोधा. ती या चौकोनात दोनच जागी बसू शकत होती. एक, कोपऱ्यातलं शून्य आणि त्याच्या खालचा १. दोन, पहिल्या ओळीतलं दुसरं शून्य आणि त्याच्या उजवीकडचा १. तुम्ही दोन्ही शून्यं वापरून टाकलीत, म्हणजे ०-१ ला जागाच उरली नाही. इथे स्क्रीनवर काहीही लाल होत नाही, कारण एकही पट्टी दोनदा आलेली नाही. चूक कळते ती यादीवरूनच.

म्हणजे ०-० तिथे नाही. मग कोपऱ्यातलं शून्य कोणाबरोबर जाणार? त्याला शेजारी दोनच, उजवीकडचं शून्य आणि खालचा १. उजवीकडचं बाद झालं, म्हणून ते खालच्या १ बरोबर उभं बसतं. ०-१ झाली. यादीतून खोडा.

आता पुढचं आपोआप सुटतं. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या १ च्या वरचं घर गेलं, म्हणून तो उजवीकडच्या १ बरोबर आडवा. १-१ खोडा. ०-० ला आता एकच जागा राहिली: शेवटच्या उभ्या रांगेतली खालची दोन शून्यं. तीही खोडा. त्यामुळे वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या २ ला खाली जोडीदार नाही, तो डावीकडच्या १ बरोबर जातो. १-२ झाली. पहिल्या ओळीतलं दुसरं शून्य आता एकटं पडलं, ते खालच्या २ बरोबर उभं. ०-२ झाली. शेवटी तिसऱ्या उभ्या रांगेत दोन २ उरतात, आणि यादीतही २-२ च उरलेली असते. सहा पट्ट्या, बारा घरं, एकदाही अंदाज नाही.

आता लक्षात घ्या, आपण प्रश्न दोन बाजूंनी विचारले. "या जोडीला कुठे कुठे जागा आहे?" आणि "या घराला कोण कोण जोडीदार आहे?" एका बाजूने अडलं की दुसरीकडून विचारायचं. आणि एखादी पट्टी लागली, की चौकोनात तीच जोडी जिथे जिथे दिसते तिथे मध्ये रेघ मारायची, म्हणजे ती जागा बंद. फोनवर दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर टॅप केलं की पट्टी बसते, आणि बोट दाबून धरलं की रेघ येते. बरेच जण ही रेघ वापरतच नाहीत आणि मोठ्या कोड्यात अडकतात.

मोठं म्हणजे ० ते ६ चा नेहमीचा संच: २८ पट्ट्या, ५६ घरं, प्रत्येक आकडा आठ वेळा. तिथे एकच जोडी दोनदा लावलीत तर अ‍ॅप दोन्ही लाल करतं. पण त्यातली चुकीची कुठली, हे ते सांगत नाही. कधीकधी दोन्ही चुकीच्या असतात. अशा वेळी एक काढून बघण्यापेक्षा दोन्ही काढा, आणि कुठली सिद्ध करता येते ते तपासा.

आज घरी ० ते ३ चा संच करून बघा. दहा पट्ट्या, वीस घरं. भेटू पुढच्या भागात!