औषध बाधले, त्याचे वृत्त कसे लिहावे?

कुष्ठरोगावर डॅप्सोन हे औषध नव्याने वापरात आले, त्या काळात काही रुग्णांना ते विलक्षण रीतीने बाधले. 1951 साली ऑल्डे व बार्न्स या दोन वैद्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा रुग्णांची हकीकत छापली. ताप, अंगभर पुरळ, मानेतील गाठींची सूज आणि यकृताचा दाह ही लक्षणे एकत्र येतात, आणि तीही औषध सुरू होऊन काही आठवडे लोटल्यावर, ही गोष्ट वैद्यांना अशाच वृत्तांतून कळली. ही बाधा शंभरात एखाद्या-दोघांनाच होते. परंतु होते तेव्हा तीत प्राणही जाऊ शकतो. म्हणून असा रुग्ण दृष्टीस पडला की त्याचे वृत्त लिहावे. मात्र ते कसे लिहिले आहे, यावर त्याची किंमत ठरते.

उदाहरणासाठी एक रुग्ण कल्पू या. सुरतेच्या उधना भागात यंत्रमागावर काम करणारा, खानदेशातून आलेला तिशीतला एक मराठी कामगार. त्याला कुष्ठरोगाचे तीन औषधांचे उपचार सुरू झाले. डॅप्सोन 100 मिलिग्रॅम रोज. क्लोफॅझिमिन रोज थोडे व महिन्यातून एकदा अधिक. आणि रिफॅम्पिसिन 600 मिलिग्रॅम चार आठवड्यांतून एकदा, आरोग्यसेवकाच्या समोर. पुढे त्याला ताप आला, पुरळ उठले, कावीळ झाली आणि तो रुग्णालयात दाखल झाला. दाखल करताना कागदावर लिहिले गेले, ‘औषधे सुरू केल्यावर सुमारे महिन्याने ताप.’

या ‘सुमारे’ शब्दातच सारा घोटाळा आहे. रिफॅम्पिसिनचा दुसरा मासिक डोसही सुमारे महिन्यानेच पडतो, आणि अधूनमधून घेतलेल्या रिफॅम्पिसिननेही कधी कधी थंडीताप येतो. मग दोष कोणाचा? याचे उत्तर वर्णनात सापडत नाही, कालपटात सापडते. म्हणून वृत्त लिहिणाऱ्याने पहिल्या गोळीचा दिवस हा ‘पहिला दिवस’ धरावा आणि पुढचे सारे त्या मोजणीने लिहावे. गोळ्यांचे रिकामे पाकीट, आरोग्यकेंद्रातील कार्ड, औषधांच्या दुकानाची पावती आणि घरच्या माणसांची आठवण ही चारही साधने एकमेकांशी ताडून पाहावीत.

आपल्या कल्पित रुग्णाचा पट मग असा उतरतो. पहिल्या दिवशी तिन्ही औषधांचा आरंभ. 26 व्या दिवशी ताप. 27 व्या दिवशी दुकानातून आणलेल्या तापाच्या गोळ्या. 29 व्या दिवशी, अंगात ताप असतानाच, दुसरा मासिक डोस. 31 व्या दिवशी पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि मानेत गाठी. 34 व्या दिवशी कावीळ. त्याच दिवशी सर्व औषधे बंद आणि स्टेरॉइडचा आरंभ. 38 व्या दिवशी ताप उतरला. 76 व्या दिवशी यकृताच्या तपासण्या पूर्ववत झाल्या. 83 व्या दिवशी डॅप्सोन वगळून उरलेली दोन औषधे पुन्हा सुरू झाली. 150 व्या दिवसापर्यंत त्रास उलटला नाही.

आता पट स्वतःच बोलू लागतो. ताप दुसऱ्या मासिक डोसाच्या तीन दिवस आधी आला. तेव्हा तो त्या डोसाचा असू शकत नाही. दुकानातील गोळ्या तापानंतरच्या आहेत. त्यांनी ताप आणला नाही. पुरळाविषयी मात्र त्यांच्यावर शंका राहते, म्हणून त्या गोळ्यांचे नाव वृत्तात आलेच पाहिजे. रिफॅम्पिसिन व क्लोफॅझिमिन पुन्हा दिली असता ती सोसली. बोट उरते ते डॅप्सोनकडे. डॅप्सोन पुन्हा देऊन खात्री करण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. या बाधेत तो प्रयोग जिवावर बेतू शकतो.

या पटाभोवती बाकीच्या वृत्ताची मांडणी सरळ आहे. शीर्षकात औषध आणि बाधा यांची नावे असावीत आणि हे रुग्णवृत्त आहे, हेही कळावे. मग हे वृत्त कशासाठी, याची दोन-चार वाक्ये, त्यानंतर रुग्ण, तपासण्या, उपचार व परिणाम, शेवटी चर्चा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ‘केअर’ या मार्गदर्शक यादीत हाच क्रम 13 कलमांत सांगितला आहे.

चर्चेत कार्यकारणाचा निवाडा येतो. त्यासाठी 1981 सालची नरांजो यांची दहा प्रश्नांची गुणपद्धती सोयीची आहे. या बाधेची पूर्वीची वृत्ते आहेत, 1 गुण. बाधा औषधानंतर झाली, 2. औषध थांबवल्यावर सुधारणा झाली, 1. दुसरे कारण सापडले नाही, 2. तपासण्यांत पुरावा मिळाला, 1. उरलेल्या प्रश्नांना शून्य. एकूण 7. पाच ते आठ गुणांना ‘संभवनीय’ म्हणतात. ‘निश्चित’ म्हणण्यास नऊ लागतात. पण कावीळ विषाणूंची नाही, हे रक्त तपासून पाहिलेच नसेल, तर ते दोन गुण लिहिण्याचा अधिकार नाही. बेरीज पाचावर येते. आणि विषाणू सापडला, तर उलट एक गुण वजा होऊन ती चारावर, म्हणजे केवळ ‘शक्य’ या पायरीवर, उतरते. शिवाय स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू झाले होते. सुधारणेचे श्रेय केवळ औषध थांबवण्याला देता येत नाही, हेही स्पष्ट लिहावे.

राहिला संमतीचा प्रश्न. उपचारासाठी रुग्णालयात केलेली सही ही प्रसिद्धीची संमती नव्हे. ती वेगळी घ्यावी लागते, आणि रुग्णाला कळेल त्या भाषेत. गुजराती वाचता न येणाऱ्या खानदेशी कामगारापुढे गुजराती कागद ठेवून अंगठा घेणे, ही संमती नव्हे. काय छापले जाणार, कोण वाचू शकेल, नाव दिले नाही तरी ओळख पटण्याचा धोका थोडा उरतोच, नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही आणि छापण्यापूर्वी संमती मागे घेता येईल, हे त्याला सांगितले पाहिजे.

कुष्ठरोगाच्या बाबतीत ही औपचारिकता नाही. ओळख फुटली तर माणसाची खोली जाते, काम जाते, बहिणीचे लग्न अडते. नाव गाळले तरी वय, गाव, कारखाना आणि तारखा एकत्र आल्या की शेजारी ओळखतो. छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी मारणेही पुरेसे नाही. येथे दिवसांच्या मोजणीचा दुसरा उपयोग दिसतो: ‘26 वा दिवस’ हे शास्त्राला हवे तेवढे सांगते, आणि पंचांगातली तारीख झाकून ठेवते. गाव व कारखाना यांची शास्त्राला गरज नाही, ते गाळावेत. मात्र ओळख लपवण्यासाठी वय किंवा लिंग बदलून लिहू नये. ते असत्य होय.

छापील निवेदन दोन वाक्यांचे पुरते: ‘हे वृत्त प्रसिद्ध करण्यास रुग्णाने, मजकूर त्याला मराठीत समजावून सांगितल्यानंतर, लेखी संमती दिली आहे. संमतिपत्र रुग्णालयाच्या दप्तरी जपून ठेवले आहे.’ सहीचा कागद मासिकात छापायचा नसतो. त्यावर नाव असते.

एक गोष्ट या साऱ्याआधीची. 2010 पासून देशात औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि 2011 पासून त्याचे मुख्य केंद्र गाझियाबाद येथे आहे. बाधेचा संशय येताच तिकडे नोंद धाडावी. त्यासाठी खात्री हवी असे नाही. वृत्त छापून येण्यास महिने लागतात, आणि एका वृत्तावरून ही बाधा किती जणांना होते, ते कधीच ठरत नाही. ते ठरते अशा अनेक नोंदी एका ठिकाणी जमल्यावर, आणि त्या प्रत्येक नोंदीत दिवस नीट मोजलेले असल्यावर.