मालकांना पत्र : ठिणगी उडणाऱ्या सॉकेटबद्दल

आज मी तुम्हाला एका पत्राची गोष्ट सांगणार आहे. ते आमच्या भिसेगावच्या बचत गटातल्या एका ताईंनी घरमालकांना लिहिलं.

कर्जत स्टेशनच्या बाजूलाच गाव असल्यामुळे आमच्याकडे भाड्याने राहणारी कुटुंबं पुष्कळ. या ताई चाळीतल्या एका खोलीत राहतात. मालक दुसरीकडे राहतात आणि महिन्याच्या सुरुवातीला भाडं न्यायला येतात. ताईंच्या खोलीत भिंतीवरच्या बोर्डात मोबाईलचा चार्जर टिकत नव्हता. लावला की खाली वाकायचा. मग ताई पिनेत कागदाची घडी घालायच्या, कधी खाली डबा टेकवायच्या. पावसाळा लागल्यावर आतून चरचर आवाज येऊ लागला, एका रात्री ठिणगी दिसली, आणि त्याच बोर्डाखाली लेकरांचं अंथरूण होतं.

मालकांना त्यांनी तीनदा तोंडी सांगितलं. ते आधी म्हणाले, "बघतो." मग म्हणाले, "तुझा चार्जरच स्वस्तातला असेल." शेवटी म्हणाले, "अगं, एमसीबी बसवलाय ना! काही झालं तर आपोआप पडेल."

ताईंनी पत्र लिहून मला दाखवलं. त्यात एकच ओळ होती : "आमच्या खोलीत लाईटचा प्रॉब्लेम आहे, तरी लक्ष द्यावे." मी म्हटलं, "ताई, हे वाचून मालकांना बल्ब गेलाय की मीटर जळलाय, काय कळणार? त्यांनी तुम्हाला जी दोन उत्तरं दिली, त्यांचं उत्तर पत्रातच हवं."

पहिलं उत्तर चार्जरचं. ते तपासणं सोपं आहे. तोच चार्जर शेजारणीकडे लावून पाहायचा. तिथे घट्ट बसला, तर चार्जर ठीक. सगळीकडेच सैल बसला, तर चार्जरच्या पिना बारीक किंवा झिजलेल्या आहेत, मालकांना दोष देऊ नका. ताईंचा चार्जर शेजारी घट्ट बसला. शेजारणीचा चार्जर मात्र ताईंच्या सॉकेटमध्ये तसाच लोंबला. म्हणजे दोष सॉकेटचाच.

दुसरं उत्तर एमसीबीचं. सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, त्या पिनेला चिमट्यासारख्या धरतात. वर्षानुवर्षं वापरून त्यांचा ताण जातो. मग पिन आणि पट्टी नीट टेकत नाहीत, मधल्या फटीतून ठिणगी उडते, ती जागा तापते आणि प्लास्टिक काळं पडतं. पण या वेळी तारेतून जाणारी वीज वाढलेली नसते. चार्जरला लागते तेवढीच ती असते. एमसीबी पडतो तो वीज जास्त वाहिली किंवा शॉर्ट झालं तर. सैल जोड तापला, हे त्याला कळतच नाही. म्हणून प्लास्टिक वितळायला लागलं तरी एमसीबी चालूच राहू शकतो.

चार्जर लावताना स्विच चालू असेल तर कधी बारीक ठिणगी दिसते. पण लावलेल्या चार्जरला कुणी हात न लावता ठिणगी उडणं, चरचर होणं, जळका वास येणं किंवा सॉकेट गरम लागणं, यातलं काहीही दिसलं तरी तो सॉकेट वापरायचा नाही. ताईंनी त्याचा स्विच बंद करून वर चिकटपट्टी लावली आणि अंथरूण दुसऱ्या भिंतीला नेलं. बोर्ड मात्र उघडला नाही. स्विच बंद असला तरी बोर्डामागे वीज असतेच.

मग आम्ही पत्र पुन्हा लिहिलं. ते असं :

"दिनांक 8 जुलै 2024
प्रति, श्री. घरमालक यांस,
विषय : खोली क्रमांक 4 मधील सैल व ठिणगी उडणारा सॉकेट बदलून मिळणेबाबत.

काका, सा. न.
दाराजवळच्या बोर्डावरील सॉकेटमध्ये चार्जर टिकत नाही. 2 जुलैच्या रात्री चार्जर लावलेला असताना आतून ठिणगी उडाली व जळका वास आला. सॉकेटच्या भोकांभोवती काळे पडले आहे. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. हाच चार्जर शेजारच्या खोलीत घट्ट बसतो, आणि शेजारचा चार्जर आमच्या सॉकेटमध्ये सैल बसतो. म्हणून दोष सॉकेटचा आहे. सैल जोडामुळे एमसीबी पडत नाही, त्यामुळे आग लागण्याचा धोका आहे. सॉकेट आम्ही तोडलेला नाही, तो वापराने झिजला आहे.

तरी परवाना असलेल्या वायरमनकडून आयएसआय शिक्क्याचा 6 अँपिअरचा नवीन सॉकेट बसवून द्यावा. मागील तारा, स्क्रू व भिंतीतील ओलही तपासून घ्यावी. हे काम 15 जुलैपर्यंत व्हावे, ही विनंती. तोवर सॉकेट बंद ठेवला आहे. मी सकाळी 11 पर्यंत घरी असते. वायरमन पाठवण्याआधी फोन करावा.

आपली भाडेकरू,"

खाली सही. पत्राच्या दोन प्रती केल्या. एक मालकांना दिली, दुसरीवर 'मिळाले' म्हणून त्यांची सही आणि तारीख घेतली. मालक लांब असतील किंवा सही देत नसतील, तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

चौथ्या दिवशी वायरमन आला. त्याने मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. मागे तारेचा स्क्रू सैल झाला होता, तारेवरचं आवरण बोटाच्या पेरभर जळलं होतं आणि भिंत ओली होती. नुसता सॉकेट बदलला असता, तर जळकी तार तशीच राहिली असती. पत्रात 'मागील तारा तपासाव्या' ही ओळ होती, म्हणून वायरमनने जळका भाग कापून नवीन जोड दिला. ओल छपराच्या पन्हळीतून येत होती. ते कामही मालकांनी त्याच आठवड्यात करून घेतलं.

काही बायका अशा वेळी महावितरणकडे तक्रार करतात. खांबावर किंवा मीटरपाशी ठिणगी उडत असेल, तर जरूर 1912 ला फोन करा. मीटरच्या पुढचं, घरातलं वायरिंग मात्र मालकाचं असतं.

आणि मालकांनी पत्र मिळूनही काहीच केलं नाही तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम आहे. भाडेकरूने किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हा कायदा सगळ्याच गावांना लागू नाही, आणि 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची गोष्ट वेगळी असते. म्हणून भाडं कापण्याआधी आपला करार घेऊन कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत सल्ला मिळतो. जाताना पत्राची सही घेतलेली प्रत किंवा पोस्टाची पावती सोबत न्या.

आज रात्री चार्जर काढाल, तेव्हा सॉकेटच्या भोकांभोवती काळं पडलंय का, तेवढं बघा.