रिकाम्या फळीवरची मागणी

मी सैन्यात ऑर्डनन्समध्ये, म्हणजे सामान पुरवणाऱ्या विभागात होतो. तिथे एक शिस्त होती. युनिटने दहा टायर मागितले आणि डेपोत सहाच असले, तर उरलेले चार ‘ड्यूज आउट’ म्हणून नोंदले जायचे. माल नसला तरी मागणी कागदावर राहायची.

आता मी भोपाळला राहतो आणि भाच्याच्या किराणा दुकानाचे हिशोब पाहतो. दुकानात ही नोंद नसते. गिऱ्हाईक तेलाची पिशवी विचारतं, “नाही” ऐकतं आणि निघून जातं. संगणकात उरते ती फक्त विक्री. पुढच्या महिन्याचा अंदाज विक्रीवर बांधला, तर आपण मागणीचा नव्हे, आपल्याच साठ्याचा अंदाज बांधतो. कमी मागवतो, माल आणखी लवकर संपतो, विक्री आणखी कमी दिसते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

समजावण्यापुरते सोपे आकडे घेऊ. एक लिटर तेलाच्या पिशव्यांची दहा दिवसांची विक्री अशी: १२, ९, ११, १४, ६, ०, ०, १०, १३, ८. एकूण ८३, म्हणजे सरासरी रोज ८.३. आता साठ्याची नोंद शेजारी ठेवा. पाचव्या दिवशी दुपारी दोनला माल संपला. सहाव्या आणि सातव्या दिवशी सकाळपासून फळी रिकामी होती. दहाव्या दिवशी बाराच्या सुमारास शेवटची पिशवी गेली. म्हणजे पाचव्या दिवसाचा ६ हा आकडा ‘मागणी सहा’ असं सांगत नाही, ‘किमान सहा’ एवढंच सांगतो. आणि ते दोन शून्य तर काहीच सांगत नाहीत.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: माल संपलेले दिवस वगळा. मग सहा दिवस उरतात, बेरीज ६९, सरासरी ११.५. आधीपेक्षा बरं, पण इथे एक खोच आहे. माल बहुधा गर्दीच्या दिवशीच संपतो. आपला दहावा दिवस एक तारखेचा, पगाराचा होता. तो वगळला की नेमका जोराचा दिवसच हिशोबातून जातो.

म्हणून अर्धवट दिवस टाकायचे नाहीत, पुरे करायचे. ज्या दिवशी माल शेवटपर्यंत होता, असे दोन-तीन महिन्यांतले दिवस घ्या आणि बिलांच्या वेळेवरून पाहा की दिवसाच्या विक्रीतला किती भाग किती वाजेपर्यंत होतो. समजा बारापर्यंत ४० टक्के आणि दोनपर्यंत ५० टक्के. मग पाचव्या दिवशीची मागणी ६ भागिले ०.५, म्हणजे १२. दहाव्या दिवशी ८ भागिले ०.४, म्हणजे २०. सकाळपासून रिकामे असलेले दोन दिवस सोडून द्या. आठ दिवसांची बेरीज १०१, सरासरी सुमारे १२.६. ८.३ पासून आपण इथवर आलो.

या भागाकाराला मर्यादा आहे. दुकान उघडल्यावर तासाभरातच माल संपला आणि तोवर जेमतेम १० टक्के विक्री होत असेल, तर एका पिशवीच्या दहा होतात. एक योगायोगाचं गिऱ्हाईक दहापट मोठं दिसतं. असा दिवस रिकामाच समजावा.

दुसरी काळजी शेजारच्या फळीची. त्या दोन रिकाम्या दिवशी दुसऱ्या कंपनीचं तेल रोजच्या ५ ऐवजी ९ गेलं असेल, तर वरचे चार-चार बहुधा आपलेच रुसलेले गिऱ्हाईक. त्या तेलाच्या इतिहासातून ते कमी करा, नाहीतर एकच मागणी दोनदा मोजली जाईल.

तिसरी गोष्ट खोट्या साठ्याची. संगणक सांगतो चार पिशव्या आहेत, पण त्या फुटलेल्या किंवा हरवलेल्या असतात. रोज अकरा-बारा जाणाऱ्या वस्तूची विक्री दोन दिवस शून्य दिसली, तर उठून फळी पाहा. महिन्यातून दोनदाच विकल्या जाणाऱ्या वस्तूला मात्र शून्य हेच नेहमीचं.

पद्धत बरोबर चालली की नाही, हे तपासता येतं. माल शेवटपर्यंत असलेले काही दिवस घ्या, बारानंतरची बिलं झाका आणि माल बाराला संपला असं समजून मागणी काढा. मग झाकलेली बिलं उघडून ताळा करा. आपला अंदाज काही दिवशी जास्त, काही दिवशी कमी येत असेल तर चालेल. सतत एकाच बाजूला जात असेल, तर तुमचे वेळेचे टक्के चुकले आहेत. पगाराच्या दिवसाचे आणि एरवीचे टक्के वेगळे काढून पाहा.

भाच्याच्या गल्ल्याजवळ आता एक वही आहे. फळी रिकामी झाली की वस्तू आणि वेळ लिहायची, आणि नंतर कोणी ती मागितली तर एक रेघ मारायची. ही झाली दुकानाची ‘ड्यूज आउट’.